घरी बिअर बनवतो. हॉप्स उकळताना घालू की ड्राय हॉपिंग करू? वास भरपूर हवा, कडूपणा बेताचा हवा.

दोन्ही करा, पण उकळताना थोडे आणि शेवटी, आंबून झालेल्या थंड बिअरमध्ये, जास्त. तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन मी आणि माझा एक मित्र वर्षभर भांडलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याचं म्हणणं होतं, ड्राय हॉपमधून कडूपणा येतच नाही, त्यामुळे हॉप्स जितके जास्त दिवस मुरतील तितका वास चढेल. अर्धं बरोबर आहे. हॉप्समधली अल्फा आम्लं थंड बिअरमध्ये फारशी विरघळत नाहीत. उकळताना त्यांची घडण बदलते, ती आयसो-अल्फा होतात, विरघळतात आणि खरा कडूपणा तिथून येतो. याला वेळ लागतो. 20 लिटर वोर्ट, ग्रॅव्हिटी 1.050, हॉप्स 6 टक्के अल्फाचे कॅस्केड, 30 ग्रॅम. ते पूर्ण 60 मिनिटं उकळले तर टिनसेथच्या सूत्राने साधारण 21 आयबीयू मिळतात. तेच 30 ग्रॅम शेवटच्या 10 मिनिटांत टाकले तर साडेसात. वासाचं गणित उलटं चालतं. वास सुगंधी तेलांत असतो आणि ती वाफेबरोबर उडतात. उकळताना स्वयंपाकघरभर जो घमघमाट सुटतो, तो सगळा बिअरमधून निघून गेलेला वास असतो.

वाद मिटवायला आम्ही एकच वोर्ट उकळला. वरचाच, 30 ग्रॅम कॅस्केड 60 मिनिटं. मग तो दोन फर्मेंटरमध्ये 10-10 लिटर वाटला, यीस्ट एकच. ग्रॅव्हिटी 1.012 वर थांबल्यावर दोन्हींत 50-50 ग्रॅम पेलेट नायलॉनच्या पिशवीत घालून सोडले, तापमान 18 अंश. माझी पिशवी तिसऱ्या दिवशी काढली, त्याची अकराव्या.

ग्लास नाकाशी नेला तर वासात फरक होता, पण त्याला हवा होता तसा नाही. माझ्या बिअरला ग्रेपफ्रूटच्या सालीचा स्वच्छ वास होता. त्याच्या बिअरमध्ये तो दबला होता आणि वर ओल्या गवताचा वास आला होता. घोट घेतल्यावर मात्र खरा मुद्दा कळला. त्याची बिअर तुरट लागत होती. कडू चव जिभेवर जाणवते आणि ओसरते. ही हिरड्यांना धरून बसत होती, घोट गिळल्यावरही तोंड कोरडं. तो म्हणाला, "यात कडूपणा वाढलेला नाही." बरोबरच आहे, वाढला होता तो तुरटपणा, आणि आपल्या भाषेत त्याला वेगळा शब्द आहे तो उगाच नाही. पानांच्या चोथ्यातली पॉलिफेनॉल्स बिअरमध्ये उतरतात. तेलं पहिल्या दोन-तीन दिवसांत जवळजवळ सगळी उतरलेली असतात; त्यानंतर तुम्ही फक्त चोथा भिजवत बसता.

आणि ड्राय हॉपमधून कडूपणा अजिबात येत नाही हेही खरं नाही. हॉप्स साठवणीत असताना काही अल्फा आम्लांचं ऑक्सिडेशन होऊन ह्युम्युलिनोन तयार होतात. ती थंड बिअरमध्येही सहज विरघळतात आणि आयसो-अल्फाच्या साधारण दोन तृतीयांश कडू लागतात. लिटरला 5 ग्रॅमच्या आसपास हे फार जाणवत नाही. दुप्पट-तिप्पट टाकलेत तर जाणवेल, आणि वास काही त्या प्रमाणात वाढणार नाही.

तुमच्यासाठी: उकळताना 60 मिनिटांना फक्त 20 ग्रॅम, म्हणजे 14 आयबीयूच्या आसपास, आणि 20 लिटरला 100 ग्रॅम ड्राय हॉप, तीन दिवस. अधेमध्ये काही हवं असेल तर आच बंद करून वोर्ट 80 अंशांवर आणा आणि त्यात 20 मिनिटं हॉप्स ठेवा. थोडा कडूपणा येईल, वास बराच टिकेल. झाकण उघडाल तितकी हवा आत जाईल आणि वास मरेल, म्हणून पिशवी एकदाच टाका, एकदाच काढा.

एक गोष्ट मित्राच्या बाजूची सांगायलाच हवी. हॉप्समध्ये एन्झाइम असतात, ते उरलेल्या डेक्स्ट्रिनची साखर करतात आणि झोपलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. मी पिशवी काढली त्याच दिवशी नेहमीची साखर घालून बाटल्या भरल्या. दोन आठवड्यांनी पहिली उघडली तर अर्धी बाटली फेस होऊन ओट्यावर गेली. त्याच्या फर्मेंटरमध्ये अकराव्या दिवशी ग्रॅव्हिटी 1.009 होती, म्हणजे ते तीन पॉइंट तिथेच उतरून गेले होते. माझे बाटलीत उतरले. तेव्हा पिशवी तिसऱ्या दिवशी काढा, पण बिअर फर्मेंटरमध्येच राहू द्या. तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरवर दोनदा तोच आकडा आला, की मग बाटल्या भरा.