फुलवाला आणि डेकोरेटर एकमेकांना ग्राहक पाठवतात, तेव्हा हिशेब कसा ठेवावा?

"माझं फुलांचं दुकान आहे. एका डेकोरेटरशी ठरलंय की आम्ही एकमेकांना ग्राहक पाठवायचे. वर्षभरात त्यांनी मला आठ ग्राहक दिले, मी त्यांना दोनच देऊ शकले. आता ते म्हणतात, पारडं माझ्या बाजूला झुकलंय, प्रत्येक ग्राहकामागे ठरावीक कमिशन द्या. हे बरोबर आहे का? न्याय्य वाटणी करायची तरी कशी?"

हेच आकडे घेऊन सांगते, कारण आमच्याकडेही जवळजवळ असंच झालं होतं. मीही फुलांचंच दुकान चालवते आणि पहिलं वर्ष आम्ही डोकी मोजण्यात घालवलं. त्या वर्षाच्या शेवटी आमचं बोलणं फक्त कामापुरतं उरलं होतं.

डोकी मोजणं चुकीचं ठरतं, कारण तुमचा ग्राहक आणि त्यांचा ग्राहक ही एका मापाची वस्तू नाही. सजावटीचं एक काम फुलांच्या कित्येक ऑर्डरींएवढं असतं. किमती जागोजागी वेगळ्या असतात, म्हणून एका साध्या गुच्छाच्या विक्री किमतीला १ माप धरू. समजा तुम्ही पाठवलेल्या दोन ग्राहकांची सजावटीची कामं ९० आणि ११० मापांची झाली, म्हणजे एकूण २००. डेकोरेटरने पाठवलेल्या आठ जणांच्या फुलांच्या ऑर्डरी मिळून ९६ मापांच्या झाल्या.

पण बिलाची रक्कमसुद्धा थेट ताडून पाहू नका. बिलातून त्या कामासाठीच झालेला खर्च वजा करा आणि हातात काय उरतं ते बघा. डेकोरेटरचा खर्च म्हणजे मजूर, टेम्पो, कापड, भाड्याने आणलेल्या फ्रेम, दिवे आणि फुलं. आपला खर्च म्हणजे फुलांची खरेदी, वाटेत मोडलेली आणि न विकता टाकून द्यावी लागलेली फुलं, बांधणीचं सामान आणि पोहोचवणं. दुकानाचं भाडं यात धरायचं नाही, कारण तो ग्राहक आला नसता तरी ते भरावंच लागलं असतं. डेकोरेटरच्या हातात १०० मागे ३० आणि आपल्या हातात १०० मागे ३५ उरतात असं धरलं, तर तुमच्यामुळे त्यांना ६० मापं मिळाली आणि त्यांच्यामुळे तुम्हाला ३३.६. म्हणजे दोन ग्राहक देणाऱ्याने जवळजवळ दुप्पट दिलं.

इथवर वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल, पण थांबा. हिशेब अजून पुरा झालेला नाही आणि उरलेला भाग त्यांच्या बाजूने जातो.

सजावटीचा ग्राहक एकदा येतो आणि पुन्हा बऱ्याच काळाने, किंवा कधीच नाही. फुलांचा ग्राहक मात्र परत येतो. त्या आठांपैकी एक जण एखादं ऑफिस असेल आणि पहिल्या ऑर्डरनंतर त्याने दर आठवड्याला एक गुच्छ लावून घेतला असेल, तर वर्षभरात ५२ मापांची विक्री झाली. त्यातून तुमच्या हातात १८.२ मापं उरली. ती मिळवली की त्यांच्यामुळे तुम्हाला मिळालेली मापं ५१.८ होतात. फरक ६० वजा ५१.८, म्हणजे ८.२ एवढाच राहतो.

आमची सर्वांत मोठी चूक इथेच झाली होती. "फक्त पहिलं काम मोजायचं" असा नियम मी सुचवला होता आणि तो मला अगदी साधा, सरळ वाटत होता. प्रत्यक्षात तो पूर्ण माझ्या फायद्याचा होता, कारण परत येणारे ग्राहक माझ्याच दुकानात येत होते. डेकोरेटरना ते नीट शब्दांत मांडता येत नव्हतं, पण आपण देतोय जास्त आणि मिळतंय कमी हे त्यांना जाणवत होतं. आता आम्ही ग्राहक आल्यापासून १२ महिन्यांत त्याने केलेलं सगळं काम मोजतो. त्यानंतर तो ज्याच्या दुकानात येतो त्याचा.

आता कमिशनचं बघू. उरलेल्या रकमेच्या दहा टक्के असं ठरलं, तर ८.२ च्या फरकावर डेकोरेटरने तुम्हाला ०.८२ माप द्यायचं. एका गुच्छाहून कमी! आणि डोक्यामागे ठरावीक रक्कम ठेवली, समजा २ मापं, तर तुम्ही १६ द्यायचे, ते ४ देणार, म्हणजे १२ गुच्छ तुमच्या खिशातून त्यांच्याकडे जाणार. तेच ग्राहक, तेच वर्ष. म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की डोक्यामागे ठरावीक कमिशनला हो म्हणू नका. पण हा वर्षाचा तक्ता त्यांच्यासमोर मांडल्याशिवाय नाहीही म्हणू नका. माझं मत विचाराल तर फरक इतका छोटा असताना पैसे देऊच नयेत, तो पुढच्या वर्षाच्या वहीत ओढून न्यावा. फरक एखाद्याच्या बाजूने ३० मापांच्या पुढे गेला तरच चुकता करावा, आणि तोही रीतसर बिल करून.

एकमेकांना खर्चाची वही उघडून दाखवायला कोणालाच आवडत नाही. त्याची गरजही नाही. ३० आणि ३५ हे आकडे वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी बसून, मागच्या तीन-चार कामांवरून एकदाच ठरवायचे आणि वर्षभर नुसत्या बिलाच्या रकमेला लावायचे. तुमचे आकडे वेगळे येतील, पण पद्धत तीच. बिल म्हणजे पूर्ण पैसे मिळालेलं बिल. नुसती चौकशी किंवा रद्द झालेलं काम मोजायचं नाही.

एक वाद मात्र येणारच. डेकोरेटर म्हणतील, "तुम्ही दिलेल्या त्या दोन कामांना लागलेली फुलंही मी तुमच्याकडूनच घेतली, ती धरा." आमच्यात यावर बराच खल झाला. आम्ही ती धरत नाही. ती खरेदी आहे, ग्राहक पाठवणं नव्हे. त्यांना मी घाऊक दर देते, त्यामुळे त्यांचा फायदा त्या दरातच होतो. मला ऑर्डर आधी कळते, माल नेमका मागवता येतो आणि वाया कमी जातो, तो माझा फायदा. हे दोन व्यवहार एका वहीत मिसळले की कोणालाच काही कळेनासं होतं.

कोणाचा ग्राहक कोणी पाठवला हे नोंदवण्याची पद्धत जितकी साधी तितकी ती टिकते. मी ग्राहकाचा नंबर डेकोरेटरना देत नाही, त्यांचं कार्ड ग्राहकाला देते. नंबर दुसऱ्याला देणं हे ग्राहकाला विचारल्याशिवाय करू नये असं मला मनापासून वाटतं. मग त्याच दिवशी डेकोरेटरना मेसेज करते: "अमुक तारखेच्या कार्यक्रमासाठी एक जण फोन करतील, फुलांचं माझ्याकडे आहे." ते ग्राहक आधीच त्यांच्याकडे चौकशी करून गेले असतील, तर फोन येताच त्यांनी त्याच दिवशी मला कळवायचं. दुसऱ्या दिवसापासून तो दावा चालत नाही. शिवाय दोघांनीही पहिल्याच फोनवर "आमचं नाव कोणी सांगितलं?" हे विचारून वहीत लिहायचं, कारण कित्येक जण कार्ड घेऊन जातात आणि दोन महिन्यांनी फोन करतात.

त्या मेसेजमध्ये तारीख असण्याला एक कारण आहे. एकदा मी ज्या दिवसासाठी ग्राहक पाठवला, त्या दिवशी डेकोरेटरकडे आधीच दोन कामं होती. मला नाही म्हणणं त्यांना जड गेलं, म्हणून त्यांनी बाहेरून माणसं आणली. पाहुणे आत येत होते आणि माणसं अजून कापड ओढत होती. ग्राहकाने तक्रार माझ्याकडे केली आणि त्यांचं बरोबरच होतं, नाव मी सुचवलं होतं. आता आधी तारीख विचारते, मगच कार्ड देते. आणि तारीख भरलेली म्हणून त्यांनी नाही म्हटलं, तर त्यामुळे वहीत त्यांचं एकही काम मी आजवर कमी धरलेलं नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. आपण छोटी सजावट करू शकतो आणि ते घाऊक बाजारातून स्वतः फुलं आणू शकतात. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. आम्ही एकच खूण ठेवली आहे: रचना एका माणसाला हातात धरून नेता आली तर ती माझी, उभी करायला शिडी लागली तर त्यांची. मधलं काही आलं तर फोन करून ठरवतो. फुलं मी पोहोचवते तेव्हा बादल्या मोजून दोघांसमोर फोटो काढतो. एकदा त्यांच्या मुलाने बादल्या दिव्यांजवळ ठेवल्या आणि दोन तासांत पाकळ्या लोंबल्या. फोटो होता, म्हणून चूक कोणाची यावर एक वाक्यही बोलावं लागलं नाही.

बिनसायला लागलं की खुणा पैशात दिसण्याआधी वागण्यात दिसतात. तुमच्या मेसेजला उत्तर उशिरा येऊ लागतं, किंवा "हो, ते आमच्याकडे आधीच आले होते" हे वाक्य काम पक्कं झाल्यावर ऐकू येतं. असं दोनदा झालं की तिसऱ्याची वाट न पाहता वही घेऊन बसा.

आणि ग्राहकापासून काही लपवू नका. तुम्हाला पैसे मिळत असोत वा नसोत, "आम्ही एकमेकांना कामं देतो, पण तुम्ही दुसऱ्यांकडूनही कोटेशन घ्या" हे मी प्रत्येकाला सांगते. कमिशन ग्राहकाच्या बिलात गुपचूप चढवलं जातंय असं मला एकदा जरी दिसलं, तर मी त्या दिवशी कार्ड देणं बंद करीन, हेही आमच्यात सुरुवातीलाच बोलून झालेलं आहे.

तुम्ही आता एवढंच करा: त्या आठ आणि दोन ग्राहकांची नावं एका कागदावर लिहा, प्रत्येकासमोर वर्षभरात मिळालेल्या बिलांची बेरीज मांडा आणि तो कागद घेऊन त्यांच्याकडे जा. बेरीज दोघांनी मिळूनच करा.