राउटर आणि मोबाइल अपडेट: सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय सांगावं?

प्रश्न: सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला पाच मिनिटं मिळाली आहेत. प्रत्येक घराने मोबाइल आणि राउटर अपडेट करायला हवा, हे लोकांना कसं पटवू?

उत्तर: सुरुवात २०१७ च्या जुलैपासून करा. तेव्हा एका मालवेअरमुळे बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम बंद पडले. ज्यांनी मोडेमचा मूळचा पासवर्ड बदलला नव्हता, तेच त्यात सापडले. त्या घरांवर कुणाचा डोळा नव्हता. असला प्रोग्रॅम इंटरनेटवरचा एकेक पत्ता चाचपत जातो, admin सारखे नेहमीचे पासवर्ड लावून बघतो आणि जिथे दार उघडेल तिथे शिरतो. "माझ्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?" असं कुणीतरी विचारणारच, तेव्हा हेच सांगा.

२०१६ चा मिराई नावाचा मालवेअर तर असे राउटर आणि सीसीटीव्हीचे डीव्हीआर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी दुसऱ्यांवर हल्ले करायचा. गेटवरचा डीव्हीआर कुणाच्याच घरचा नसतो, म्हणून तो हमखास राहून जातो. त्याची जबाबदारी सेक्रेटरींवर टाकाच.

मिराई फक्त मेमरीत राहायचा. राउटर बंद-चालू केला की जायचा, पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत यायचा. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढा, राउटर बंद-चालू करा, पासवर्ड बदला, मगच वायर जोडा. पासवर्ड बदलण्यासाठी वायफायवर राहून ब्राउझरमध्ये राउटरच्या मागच्या स्टिकरवरचा पत्ता टाका (बऱ्याचदा 192.168.1.1). तिथेच Remote Management, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंग्ज उघडण्याची सोय, बंद करा. वायफायचा पासवर्ड आणि राउटरचा पासवर्ड वेगळे असतात, हे मुद्दाम सांगा. बहुतेकजण पहिलाच बदलून थांबतात.

नंतर वायर जोडून Firmware Upgrade, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट, बघा. अपडेट चालू असताना राउटरची वीज गेली तर तो कायमचा बंद पडू शकतो, तेव्हा लोडशेडिंगची वेळ टाळा. इंटरनेटवाल्याने दिलेल्या डब्यात हा पर्याय बऱ्याचदा नसतो. अपडेट तेच पाठवतात. त्यांना फोन करून शेवटचं कधी आलं ते विचारा.

"राउटर केला, आता मोबाइल कशाला?" याला उत्तर २०१७ च्याच ऑक्टोबरमध्ये उघड झालेला वायफायच्या सुरक्षेतला क्रॅक नावाचा दोष. वायफायच्या रेंजमधला माणूस त्याचा फायदा घेऊन फोन आणि राउटरमधली देवाणघेवाण वाचू शकत होता, आणि मुख्य दुरुस्ती फोनमध्ये करावी लागत होती. नुसता राउटर अपडेट करून भागत नव्हतं. आपल्या इमारतीत शेजारच्या चार घरांचं वायफाय आपल्या फोनवर दिसतंच, त्यामुळे रेंज म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागणार नाही.

मग सगळ्यांना तिथेच फोन काढायला सांगा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये security update शोधलं की तारीख दिसते. ती वर्षाहून जुनी असेल आणि नवं अपडेटही मिळत नसेल, तर कंपनीने त्या मॉडेलकडे पाठ फिरवलेली असण्याची शक्यता मोठी. अशा फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका, असं मी तरी स्पष्ट सांगेन.