शब्द प्रसंगाला चिकटतो की फोटोला?

प्रश्न: चित्र तयार करणाऱ्या अ‍ॅपला मी मराठीत सांगते की आजी खळ्यावर ज्वारी उपणतेय आणि फोटो जुन्या रोलचा वाटला पाहिजे. ग्रेनला ‘दाणेदार’, फेडेड कलरला ‘फिकट’, सॉफ्ट फोकसला ‘धूसर’ आणि लाइट लीकला ‘प्रकाशगळती’ असे शब्द लिहिले. चित्रात भिंतीवर, आभाळात सगळीकडे ज्वारीचे दाणे आले, ऊन मिळमिळीत झालं आणि आजी धुळीत हरवली. शब्द चुकले का? कोणते वापरू? (परभणी)

उत्तर: शब्द मराठी म्हणून चुकलेले नाहीत. अडचण अशी की पहिली तिन्ही विशेषणं खळ्यावरच्या प्रसंगाला तितकीच लागू पडतात. ज्वारी दाणेदार असते, संध्याकाळचं ऊन फिकट असतं, उपणताना हवा धूसर होतेच. वाचणारा माणूस असता तर ‘फोटो’ हा शब्द पाहून त्यानं अर्थ सावरून घेतला असता. प्रॉम्प्ट वाचणारी प्रणाली ‘दाणेदार’ला जवळच्या ज्वारीशी जोडते. म्हणून प्रत्येक शब्द लिहिण्याआधी एवढं ठरवा: हा गुण आजीसमोरच्या जगाचा आहे, की ते जग ज्या कागदावर उतरलं त्या कागदाचा?

आधी ग्रेन. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात आणि प्रतिमा त्यांच्यापासूनच बनते. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये धुलाईनंतर धातुरूप चांदीचे पुंजके उरतात. रंगीत फिल्ममधून चांदी काढून टाकली जाते आणि तिच्या जागी रंगद्रव्याचे इवलेसे ढग राहतात. कमी उजेडात चालणारी फिल्म हवी असेल तर स्फटिक मोठे लागतात, म्हणून १०० च्या रोलपेक्षा ४०० च्या रोलचा फोटो जाडसर दिसतो. माझे मामा अंबाजोगाईत फोटो काढून द्यायचे. लाल दिव्याखाली ओली कृष्णधवल प्रिंट उचलून ते म्हणायचे, ‘रवा जाड आलाय.’ मला तोच शब्द सर्वांत नेमका वाटतो. आपण तुपाला रवाळ म्हणतो तेव्हा तुपात दुसरं काही मिसळलंय असं म्हणत नसतो. तुपाचा स्वतःचा पोत सांगत असतो. ग्रेनचंही तसंच आहे. तो फोटोवर पसरलेला पदार्थ नाही, फोटो त्याचाच बनलेला असतो. ‘दाणेदार’मध्ये दाणा सुटा होऊन हातात येतो, ‘रवाळ’मध्ये येत नाही.

माणसांसाठी लिहिताना मी ‘रवाळ पोत’ असंच लिहीन. प्रॉम्प्टमध्ये मात्र film grain हे दोन शब्द जसेच्या तसे टाइप करा. या प्रणाली ज्या चित्रांवरून शिकल्या त्यांच्याखालच्या ओळी बहुतांश इंग्रजीत होत्या, आणि त्या ओळींत हा जोडशब्द ठरलेल्या अर्थानं येतो. एकटं grain लिहिलं तर पुन्हा धान्याकडे किंवा लाकडाच्या रेषांकडे वाट फुटते. दुसरं, ‘दाणे नकोत’ असं मुख्य मजकुरात लिहू नका. नकार धरला न जाता नुसते ‘दाणे’ तेवढे धरले जाण्याची शक्यता मोठी असते. नको असलेल्या गोष्टींसाठी अ‍ॅपमध्ये वेगळा रकाना असेल तर तो वापरा.

ग्रेन खरा आला की नाही हे ओळखायला चित्र मोठं करून बघा. फिल्मचा रवा जवळच्या सुपावर आणि लांबच्या बाभळीवर सारख्याच आकाराचा असतो, कारण तो अंतर जाणत नाही. जवळ मोठा आणि लांब बारीक दिसत असेल तर तो धुरळा किंवा धान्य आहे, म्हणजे शब्द प्रसंगाला चिकटला. मोकळ्या आभाळात आणि सावलीतल्या सपाट भिंतीवर रवा उठून दिसतो, पूर्ण पांढऱ्या पडलेल्या भागात जवळजवळ दिसत नाही.

आता ‘फिकट’. इथे मराठी फार श्रीमंत आहे आणि ती श्रीमंती तुमच्या कामाची आहे. फिकट रंग जन्मतःच फिकट असू शकतो. दुकानातून नवीन आणलेलं लुगडंही फिकट गुलाबी असतं. ‘विटलेलं’ लुगडं मात्र कधीतरी गडद होतं, उन्हानं आणि धुण्यानं ते तसं झालं. विटण्यात काळ आहे, फिकटात नाही. ‘पुसट’ हे अक्षराला, रेघेला, ठशाला शोभतं. ‘पिवळा पडलेला’ कागदाला. जुन्या रंगीत फोटोसाठी ‘रंग विटलेला’ किंवा ‘रंग उडालेला’ हेच खरे शब्द. तुम्ही ‘फिकट’ म्हणालात म्हणून सगळ्या प्रसंगाची धार गेली, ऊनही त्यात आलं.

पण नुसतं ‘विटलेला’ लिहूनही भागत नाही, कारण रंगीत फोटो सगळ्या बाजूंनी सारखा विटत नाही. रंगीत प्रिंटमध्ये रंगद्रव्याचे तीन थर असतात: निळसर-हिरवा म्हणजे सायन, गुलाबी-जांभळा म्हणजे मॅजेंटा, आणि पिवळा. १९६०-७० च्या दशकांतल्या बऱ्याच कागदांवर, अल्बमच्या अंधारातसुद्धा, सायन आधी कमजोर झाला. सायनचं काम लाल प्रकाश अडवण्याचं. तो गेला की लाल मोकळा सुटतो. म्हणून त्या अल्बमांतली आभाळं निळी राहिलेली नाहीत, चेहरे तांबूस झाले आहेत आणि काळे केस विटकरी दिसतात. कागदाचा पांढरा भागही हळूहळू सायीसारखा पिवळसर होतो. फोटो भिंतीवर उजेडात टांगलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे उजेडानं रंग जातात, आणि फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली कड ताजी राहते. ती कड दिसली की फोटो कुठे होता ते कळतं.

तेव्हा कोणता रंग गेला, त्याच्या जागी काय उरलं, काळ्याचं काय झालं आणि पांढऱ्याचं काय झालं, हे लिहा. एक जपा: रंगीत अल्बमसाठी ‘सेपिया’ लिहू नका. सेपिया ही कृष्णधवल प्रिंटवरची मुद्दाम केलेली प्रक्रिया आहे. तिच्यात चांदीचं सल्फाइड होऊन तपकिरी रंग येतो. तो विटण्याचा रंग नव्हे, आणि तो मागितला की आजीच्या लुगड्याचा हिरवा पुरता नाहीसा होईल.

‘धूसर’बद्दल थोडक्यात. धूसर हवेला म्हणतात, अंधुक उजेडाला, आणि हात थरथरल्यानं जे होतं त्याला आपण सरळ ‘फोटो हलला’ म्हणतो. सॉफ्ट फोकस यांतलं काहीच नाही. त्यात डोळ्यांच्या रेषा नीट दिसतात, फक्त उजळ भागांभोवती दुधाळ वलय पसरतं. भिंगातून कडेनं येणारे किरण मधल्या किरणांच्या जागी नेमके जुळत नाहीत, त्यातून ते होतं. पण हे स्टुडिओतल्या, नटूनथटून काढलेल्या फोटोचं लक्षण. खळ्यावर कुणी पाहुण्यानं साध्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत तो मऊपणा शोभणार नाही. तिथला मऊपणा स्वस्त भिंगाचा असतो: मधोमध बऱ्यापैकी रेखीव, कोपऱ्यांकडे ढिला. तुमच्या चित्राला मी तोच मागेन.

आणि ‘प्रकाशगळती’. शब्द कळतो, पण गळणं वरून खाली होतं, पत्र्यातून पावसाचं. उजेड फटीतून शिरतो किंवा झिरपतो. ‘कवडसा’ हा सुंदर शब्द सुचेल, पण तो टाळा. कवडसा माळवदाच्या झरोक्यातून घरात पडतो, म्हणजे पुन्हा प्रसंगात. लाइट लीक कॅमेऱ्याच्या आत घडतो. मागच्या झाकणाची कड नीट बसली नाही, फटीतला फोम कुजला, किंवा रोल संपायच्या आत झाकण उघडलं, की उजेड भिंगातून न येता थेट फिल्मवर पडतो. रंगीत निगेटिव्हमध्ये लाल प्रकाश टिपणारा थर सर्वांत खाली, म्हणजे पाठीच्या बाजूला असतो. मागून शिरलेला उजेड आधी त्यालाच गाठतो, म्हणून प्रिंटवर डाग तांबडा-नारिंगी येतो. जिथे उजेड फारच पडला तिथे तिन्ही थर भरून कड पिवळी, मग पांढरी होते. मराठीत मी त्याला ‘झिरपलेला उजेड’ म्हणेन. प्रॉम्प्टमध्ये light leak लिहा, जागा आणि रंगांचा क्रम मराठीत सांगा.

हे सगळं जोडून मजकूर असा होईल:

```
1980च्या सुमाराचा अल्बममधला जुना रंगीत फोटो.
प्रसंग: खळ्यावर आजी सुपातून ज्वारी उपणतेय, बाजूनं स्वच्छ ऊन.
छपाई: सगळीकडे सारखा बारीक film grain;
निळा-हिरवा विटलेला, काळा विटकरी, पांढरा सायीसारखा;
मधोमध रेखीव, कोपरे ढिले;
उजव्या कडेला light leak: कडेशी पांढरा-पिवळा, आत नारिंगी.
```

‘प्रसंग’ आणि ‘छपाई’ हे दोन शब्द मुद्दाम घातले आहेत, म्हणजे वाक्यं आपापल्या घरी राहतात. उन्हाला ‘स्वच्छ’ म्हटलं आहे, कारण विटणं छपाईकडे सोपवलं. तुमचं अ‍ॅप Stable Diffusion च्या पहिल्या आवृत्त्यांवर चालत असेल तर एवढा मराठी मजकूर त्यात मावणार नाही. तिथे मजकूर वाचणाऱ्या CLIP ला ७७ तुकड्यांची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक अक्षर अनेक तुकडे खातं. पुढचं सारं गळून जातं, आणि आपली छपाईची ओळ तर शेवटीच आहे. अशा वेळी इंग्रजीतच आणि थोडक्यात लिहावं लागेल. मराठी नीट समजणाऱ्या नव्या प्रणालींत वरचा मजकूर चालवून बघा.

एखाद्या शब्दाबद्दल शंका आली तर तो एकटाच तपासा. ‘चुन्यानं सारवलेली रिकामी भिंत’ एवढाच प्रसंग द्या आणि तो शब्द जोडा. भिंतीचा गिलावा खरबरीत झाला, तिला ओल आली किंवा तिच्यावर ऊन पडलं तर शब्द भिंतीला चिकटला, तो बदला. भिंत तशीच राहून तिचा फोटो जुना झाला तर शब्द ठेवा. नारिंगी पट्ट्याची परीक्षा मात्र भिंतीवर होत नाही, तिला आजी लागते. पट्टा आजीच्या पदरावरूनही सरळ पुढे गेला तर तो फिल्मवरचा आहे. पदरामागे लपला तर तो खळ्यावरच कुठेतरी पडलेला उजेड आहे, आणि ‘छपाई’च्या ओळीत ‘सगळ्या चित्रावरून’ हे दोन शब्द वाढवावे लागतील.