क्वार्टेट 4.12 ला का होता?

प्रश्न : सर, मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळा खानापूर तालुक्यात, मराठीतून. गोव्यातल्या एका औषध कंपनीत उन्हाळी प्रशिक्षणासाठी मुलाखत दिली. त्यांनी प्रोटॉन एनएमआरचा चार्ट पुढे केला, सूत्र C4H8O2 सांगितलं आणि विचारलं, पदार्थ कोणता? चार्टवर 4.12 ला क्वार्टेट, 2.04 ला सिंगलेट, 1.26 ला ट्रिपलेट होता, एवढं आठवतं. मी मिथाइल प्रोपिओनेट म्हणाले. ‘चूक’ म्हणाले, कारण सांगितलं नाही. व्याख्या सगळ्या पाठ आहेत, पण चार्ट वाचता येत नाही. घरचे म्हणतात, हे सोड आणि बी.एड. कर. काय करू?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तुझं उत्तर चुकलं ते अगदी शेवटच्या पायरीवर. तो पदार्थ इथाइल असिटेट होता. तुझा मिथाइल प्रोपिओनेट त्याचा सख्खा भाऊ म्हणावा इतका जवळचा. सूत्र तेच, दोन्ही एस्टर आणि दोन्हींच्या चार्टवर एक क्वार्टेट, एक ट्रिपलेट, एक सिंगलेट. विचारणाऱ्यांनी हा पदार्थ बहुतेक ठरवूनच निवडला असणार, कारण या जोडीत स्प्लिटिंग आणि इंटिग्रेशन पाठ असून भागत नाही. निकाल फक्त केमिकल शिफ्ट देते.

आता तोच चार्ट पुन्हा समोर घेऊ. पीककडे बघण्याआधी सूत्राकडे बघायचं. चार कार्बनच्या संपृक्त रेणूत दहा हायड्रोजन बसतात, ऑक्सिजनने त्यात फरक पडत नाही. इथे आठ आहेत, म्हणजे दोन कमी. याचा अर्थ एक दुहेरी बंध किंवा एक वलय. दोन ऑक्सिजन आणि एक दुहेरी बंध दिसला की एस्टर किंवा आम्ल मनात यायला हवं. आम्ल असतं तर 10 ते 12 पीपीएमच्या आसपास एक रुंद पीक दिसायला हवं होतं. चार्टच्या डाव्या बाजूला 7.26 ला एक छोटं पीक दिसलं असेल, तर ते तुझ्या पदार्थाचं नाही. नमुना ज्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवतात, त्यात उरलेल्या साध्या क्लोरोफॉर्मचं ते असतं. ते ओळखून बाजूला ठेवायचं.

मग इंटिग्रेशन. पीकखालच्या क्षेत्रफळाचे आकडे चार्टवर सरळ 2, 3, 3 असे छापलेले क्वचितच मिळतात. बहुतेक वेळा डावीकडच्या पीकला 1.00 धरलेलं असतं आणि बाकीचे 1.51, 1.49 असे येतात. दीड हायड्रोजन नसतो, म्हणून सगळ्यांना दोनने गुणायचं : 2, 3, 3. बेरीज आठ, सूत्रातही आठ. इंटिग्रेशन फक्त प्रमाण सांगतं, प्रत्यक्ष संख्या नाही. म्हणून ही बेरीज सूत्राशी ताडून बघण्याची सवय लावून घे. आकडे पाचेक टक्के इकडेतिकडे झाले तर घाबरायचं कारण नाही. पण दोन स्पंदनांमधला थांबण्याचा वेळ कमी ठेवला असेल, तर सावकाश पूर्वस्थितीवर येणारे प्रोटॉन खरोखरच कमी मोजले जातात. आकडा फारच विचित्र आला तर नमुन्याला दोष देण्याआधी यंत्रावर काय लावलं होतं ते विचारावं.

आता स्प्लिटिंग. इथे पुष्कळ मुलं एक घोळ घालतात : क्वार्टेट दिसला की ‘हा CH3’ म्हणून मोकळी होतात. पीक किती रेषांत फुटलं हे त्या पीकच्या स्वतःच्या हायड्रोजनांवरून ठरत नाही, शेजारच्या कार्बनवरच्या हायड्रोजनांवरून ठरतं. शेजारी n समान हायड्रोजन असतील तर n+1 रेषा. 4.12 च्या पीकला चार रेषा आहेत, म्हणजे शेजारी तीन हायड्रोजन. त्याचं स्वतःचं इंटिग्रेशन मात्र दोन. म्हणजे हा CH2, आणि त्याच्या शेजारी CH3. 1.26 ला तीन रेषा, म्हणजे शेजारी दोन, स्वतः तीन. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात : CH3CH2, इथाइल गट.

हे दोघं खरोखर एकमेकांचे शेजारी आहेत का, याचा पुरावा त्याच चार्टवर असतो आणि तो फारसं कुणी तपासत नाही. समज, यंत्र 400 मेगाहर्ट्झचं आहे आणि ट्रिपलेटच्या रेषा 1.278, 1.260, 1.242 ला छापल्या आहेत. लगतच्या दोन रेषांतलं अंतर 0.018 पीपीएम. त्याला 400 ने गुणलं की 7.2 हर्ट्झ. आता क्वार्टेट बघ : 4.147, 4.129, 4.111, 4.093. अंतर पुन्हा 0.018, म्हणजे तेच 7.2 हर्ट्झ. याला कपलिंग स्थिरांक म्हणतात, आणि जोडीदारांमध्ये तो सारखाच असतो. मुलाखतीत पट्टी हातात घेऊन एवढं मोजून दाखवलंस तर समोरच्याला कळतं की हिने एनएमआर नुसतं पाठ केलेलं नाही. तोच नमुना 300 मेगाहर्ट्झच्या यंत्रावर लावला तर पीपीएममधलं अंतर वाढून 0.024 होईल, पण हर्ट्झमध्ये ते सातच्या आसपासच राहील. आणि n+1 चा नियम सरसकट लागू पडत नाही. दोन गटांच्या पीकमधलं अंतर कपलिंगच्या मानाने भरपूर मोठं असेल तरच तो नीट चालतो. इथे ते अकराशे हर्ट्झच्या वर आहे, त्यामुळे काळजी नाही.

उरला 2.04 चा सिंगलेट, तीन हायड्रोजनचा. रेष एकच, म्हणजे शेजारच्या अणूवर हायड्रोजनच नाही. हा CH3 एकतर कार्बोनिलला जोडलेला आहे किंवा ऑक्सिजनला. इथपर्यंत तूही पोचली होतीस. हातात इथाइल, मिथाइल आणि मध्ये बसणारा एस्टर गट, असे तीन तुकडे होते. ते दोन प्रकारे जुळतात :

CH3COOCH2CH3 किंवा CH3CH2COOCH3

पहिला इथाइल असिटेट, दुसरा तुझा मिथाइल प्रोपिओनेट. इंटिग्रेशन दोन्हीकडे 2:3:3, रेषाही दोन्हीकडे चार, एक, तीन. नुसतं एवढ्यावरून दोन्हींत फरक करणं कुणालाच जमणार नाही.

मग केमिकल शिफ्ट काय सांगते? प्रत्येक प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉन असतात आणि ते बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा थोडा भाग अडवतात. शेजारी ऑक्सिजनसारखा इलेक्ट्रॉन ओढून घेणारा अणू आला की हा आडोसा विरळ होतो, प्रोटॉनला क्षेत्र जास्त जाणवतं आणि पीक डावीकडे सरकतं. टेट्रामिथाइलसिलेनचं पीक शून्य धरून हे सरकणं पीपीएममध्ये मोजतात. त्यामुळे यंत्र कोणतंही असो, हा आकडा तोच राहतो.

एस्टरमध्ये जो गट थेट ऑक्सिजनला जोडलेला असतो, तो 3.6 ते 4.2 च्या पट्ट्यात जातो. जो कार्बोनिलच्या कार्बनला जोडलेला असतो, तो 2 ते 2.4 च्या आसपास राहतो. आता एकच प्रश्न विचारायचा : डावीकडे लांब कोण गेलंय, क्वार्टेट की सिंगलेट? तुझ्या चार्टवर क्वार्टेट गेलाय, 4.12 ला. म्हणजे ऑक्सिजनला CH2 जोडलेला आहे. सिंगलेट 2.04 ला थांबलाय, म्हणजे तो CH3 कार्बोनिलच्या बाजूचा. इथाइल असिटेट ठरला. मिथाइल प्रोपिओनेट असता तर नेमकं उलट दिसलं असतं : सिंगलेट 3.67 ला, क्वार्टेट 2.33 च्या जवळ आणि ट्रिपलेट 1.14 ला. माझा अंदाज असा की तू गट बरोबर काढलेस आणि ते जुळवताना आकड्यांकडे बघितलंच नाहीस.

हा इथाइल असिटेट डोळ्यांत बसवून ठेव, कारण तो तुला आयुष्यभर भेटणार आहे. कॉलम क्रोमॅटोग्राफीत तो सर्रास वापरतात. नमुना व्हॅक्यूमवर नीट वाळवला नसेल तर भलत्याच पदार्थाच्या चार्टवर 4.12, 2.04, 1.26 ही तिकडी हजर होते, आणि नवखा संशोधक आपल्या रेणूत इथाइल गट शोधत बसतो. मी औषध कंपनीच्या विश्लेषण विभागात असताना असे चार्ट हमखास यायचे. ओळखायचं कसं? या तिघांचं आपसात प्रमाण 2:3:3 नीट असतं, पण मुख्य पदार्थाच्या पीकशी त्यांचं पूर्णांकी नातं जुळत नाही. नमुना पुन्हा वाळवून चार्ट काढला की ते लहान होतात.

आता बी.एड.चं. शिकवण्याची ओढ असेल तर जरूर कर, आपल्या भागातल्या शाळांना विज्ञानाचे चांगले शिक्षक हवेच आहेत. पण एका मुलाखतीतल्या क्वार्टेटवरून तो निर्णय घेऊ नकोस. घरच्यांना हेही सांग की औषध कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणी विभागात रोजचं काम मुख्यतः एचपीएलसीवर चालतं. एनएमआरचा चार्ट रोज वाचावा लागतो तो संशोधन विभागात, जिथे नवे रेणू बनवतात. तू कुठे अर्ज करतेस त्यावर तयारी ठरेल. नेटच्या परीक्षेला बसणार असशील तर मात्र अशा प्रश्नांतून सुटका नाही.

सरावाला मोठ्या शहरात जायची गरज नाही. जपानच्या एआयएसटी संस्थेचा SDBS नावाचा स्पेक्ट्रमचा संग्रह मोफत बघता येतो. लहान रेणू निवड, नाव झाकून ठेव, फक्त सूत्र आणि चार्ट घेऊन बस. प्रत्यक्ष यंत्र बघायचं असेल तर धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, दोन्हीकडे अत्याधुनिक उपकरणांची केंद्रं आहेत आणि बेळगावहून दोन्ही हाकेच्या अंतरावर. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन आधी विचारून जा.

आणि हे एक कोडं. सूत्र C4H8O. 2.46 ला क्वार्टेट, दोन हायड्रोजन. 2.14 ला सिंगलेट, तीन हायड्रोजन. 1.06 ला ट्रिपलेट, तीन हायड्रोजन. 3 च्या पुढे काहीच नाही. रेषांचा नमुना पुन्हा तोच आहे, पण या वेळी ऑक्सिजन कुठे बसलाय ते आधी ठरव आणि मग नाव लिहून पाठव.