गाणी लावून अभ्यास: एक आठवडा मोजून बघ

"सर, मी अकरावी सायन्सला आहे. हेडफोनवर गाणी लावली की दोन तास सहज बसता येतं, शांततेत वीस मिनिटांत कंटाळा येतो. आई म्हणते असा अभ्यास डोक्यात राहत नाही. कोणाचं बरोबर?"

तू म्हणतोस ते बसण्याबद्दल आहे आणि आई म्हणते ते लक्षात राहण्याबद्दल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि म्हणून दोघांचंही बरोबर असू शकतं. वाचताना आपण मनातल्या मनात शब्द बोलत असतो, आणि गाण्याचे शब्द नेमके तिथेच घुसतात. २०११ मध्ये पर्हॅम आणि विझार्ड या संशोधकांनी काही तरुणांना अक्षरं क्रमाने आठवायला लावली, तर आवडतं गाणं असो की नावडतं, दोन्हीत शांततेपेक्षा कमी आठवलं. पण ते अक्षरांचं काम होतं, तुझा बायोलॉजीचा धडा नव्हे, त्यामुळे तुझं तूच मोजलेलं बरं.

विषय एकच घे, बायोलॉजी चालेल, रोज एकाच वेळी ४५ मिनिटं, साधारण चार पानं. सोमवार, गुरुवार, शुक्रवार गाणी आणि मंगळवार, बुधवार, शनिवार शांतता. असं मिसळून, कारण पहिले तीन दिवस गाणी आणि नंतरचे तीन शांत ठेवले आणि नेमका पुढचा धडा सोपा निघाला तर काहीच कळणार नाही. दुसऱ्या दिवशी बसण्याआधी कालच्या पानांवर दहा प्रश्न, पुस्तक बंद, गाणीही बंद, कारण परीक्षेत गाणी नसतातच ना. प्रश्न आईला काढायला सांग, पण काल गाणी होती की नाही हे तिला सांगू नकोस. शनिवारच्या पानांचे प्रश्न रविवारी.

आणि हो, अभ्यास संपल्या संपल्या, "उद्या दहापैकी किती येतील" हा अंदाज लिहून ठेव. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माझ्याकडच्या एका मुलाचे गाण्याच्या दिवसांचे अंदाज ८, ८, ९ होते आणि मार्क आले ६, ५, ६. शांततेत अंदाज ६, ७, ६ आणि मार्क ८, ७, ८. म्हणजे ३० पैकी १७ आणि २३, आणि त्याला वाटत होतं बरोबर उलटं! मूड चांगला असला की अभ्यास झाल्यासारखा वाटतो, त्यात त्याची काही चूक नाही.

बेरजेत दोन-तीन मार्कांचाच फरक आला तर तो फरक धरू नकोस, सहा दिवसांत तेवढं इकडेतिकडे होतंच. पाच-सहाचा आला तर मात्र मनावर घे. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असेल तर ती शांतता मोजू नकोस, बोलण्याचा आवाजही गाण्याच्या शब्दांसारखाच आड येतो, त्या दिवशी खोली बदल किंवा दिवस पुढे ढकल.

निकाल शांततेच्या बाजूने लागला तरी गाणी सोडायची गरज नाही. त्या मुलाने वाचन शांततेत ठेवलं, वीस मिनिटांनी उठून एक गाणं ऐकायचा आणि परत बसायचा, आणि आकृत्या फेअर करताना, जर्नल लिहिताना गाणी चालू ठेवायचा. गणिताची प्रॅक्टिस करताना काय होतं ते पुढच्या आठवड्यात वेगळं मोज, बायोलॉजीचा निकाल त्याला लावू नकोस.