आरतीसंग्रहाची पुस्तिका: वाचकांचे प्रश्न

मंडळाच्या आरतीसंग्रहाची १४ पानांची फाइल बुकलेट करून छापली तर शेवटी दोन पानं कोरी आली, फाइल खराब आहे का? (राजेंद्र नगर, इंदूर)

फाइल चांगली आहे. ए-फोरचा एक कागद मधे दुमडला की त्याची चार पानं होतात, म्हणून पुस्तिका ४ च्या पटीतच बनते, १४ ची १६ होणारच आणि उरलेली दोन शेवटी कोरी जातात. मला विचाराल तर कोरं पान मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला घ्या, म्हणजे फाइलमधे पान २ आणि १५ कोरं ठेवा, छान दिसतं.

पान १ च्या मागे २ यायला हवं ना, माझ्याकडे १५ आलंय आणि तेही उलटं! (रामबाग, इंदूर)

कागद चुकीच्या कडेवर पलटतोय. प्रिंटरच्या सेटिंगमधे Flip on long edge असेल, ते Flip on short edge करा, बस्स. १६ पानी पुस्तिकेचा हिशोब लक्षात ठेवा, कागदाच्या एका बाजूला शेजारी जी दोन पानं येतात त्यांची बेरीज कायम १७ (पानं अधिक एक). पहिल्या कागदावर पुढे १६ आणि १, मागे २ आणि १५, दुसऱ्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३, असं चालत शेवटी मधल्या कागदावर ८ आणि ९ येतात. ही बेरीजच जुळत नसेल तर बहुतेक फाइल आधीच बुकलेटच्या क्रमाने लावलेली असते आणि तुम्ही वर पुन्हा Booklet निवडलेलं असतं. तसं असेल तर ती साधीच, दोन्ही बाजूंनी छापा.

एका प्रतीत ५, ६, ११ आणि १२ नाहीत, पुन्हा सगळं छापू का? (वाचक, इंदूर)

नाही नाही, कागद वाया घालवू नका! ५ आणि १२ ची बेरीज १७, ६ आणि ११ चीही १७, म्हणजे हा अख्खा तिसरा कागदच गळलाय. अॅक्रोबॅट रीडरमधे Booklet निवडल्यावर Sheets from असतं, तिथे 3 ते 3 टाका, तेवढाच निघेल, आणि तो बाहेरून तिसरा घालून पिन मारा.

प्रिंटर एकाच बाजूने छापतो, आधी Front side only मग Back side only केलं, पण मधूनच पानं सरकली. (वाचक, इंदूर)

पहिल्या फेरीत दोन कागद चिकटून एकत्र ओढले गेले असणार, पावसाळ्यात दमट कागदाचं हे नेहमीचंच. वरच्यावर छपाई होते, खालचा कोराच गठ्ठ्यात राहतो आणि मागची बाजू छापताना त्या कोऱ्यावर दुसऱ्याच कागदाची पानं बसतात, मग तिथून पुढचं सगळं एकाने सरकतं. म्हणून दुसऱ्या फेरीआधी कागद मोजा, १६ पानांना ४ च हवेत, पाच निघाले तर कोरा काढून टाका, आणि गठ्ठा फडफडवूनच ट्रेमधे लावा. तो कोणत्या तोंडाने लावायचा हे दर प्रिंटरचं वेगळं असतं, तर आधी एका कागदावर पेन्सिलने बाण काढून छापून बघा.