गाळलेल्या जागा कुठे ठेवायच्या

स्लाइडवरचा शब्द खोडून तिथे रेघ मारलीस की हँडआउट झालं, असं नाही. तशाने मुलं फक्त पडद्यावरचा शब्द उतरवतात. स्लाइड बदलली की सगळ्या माना एकदम वर-खाली होताना दिसल्या, तर समज, रिकाम्या जागा चुकल्या आहेत.

उदाहरण म्हणून तुझा एन्झाइम कायनेटिक्सचा तास बघ. व्याख्या, चिन्हांचे अर्थ आणि v = Vmax·S/(Km + S) हे सूत्र छापूनच दे; ते लिहिण्यात वेळ घालवायचा नाही. आलेखाचे फक्त अक्ष छाप. मग Vmax 100 आणि Km 5 देऊन S = 5, 20 आणि 45 साठी v ची जागा रिकामी सोड. उत्तरं 50, 80, 90 येतात. तीन बिंदू मांडून वक्र मुलांनीच काढायचा. S नऊपट झाला तरी वेग दुप्पटही का होत नाही, हे लिहायला खाली दोन पूर्ण ओळी ठेव.

या पायरीला स्लाइडवर उत्तर झाकलेलं हवं, दोन-तीन मिनिटांनीच उघड. आणि हो, रेघा सगळ्या सारख्या लांबीच्या मार; नाहीतर हुशार मुलं लांबीवरूनच शब्द ओळखतात.